सुरुवातीलाच मोठा गुन्हा करणारं पात्र: त्याचा पालट वाचकाला पटावा कसा?

पायवाट
नमस्कार मंडळी. दोन वर्षं एक कादंबरी लिहितेय आणि आता गाडा रुतलाय. मदत हवी आहे.

कथा कराडकडची, १९९८ पासून सुरू होते. दोन भाऊ, विलास आणि दत्ता. आईवडील गेलेले, अडीच एकर ऊस सामाईक. विलास अचानक वारतो. मूलबाळ नाही. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी दत्ता वहिनीला, म्हणजे सुमनला, सांगतो की दादाने सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज करून ठेवलं होतं, ते फेडायला जमीन जाणार, तुमची एक सही लागेल. ती रजिस्टर ऑफिसात जाऊन सही करते. तो कागद हक्कसोडपत्र असतो. कर्ज नव्हतंच. सुमन मुंबईला बहिणीकडे जाते आणि पुढची वीस वर्षं एका पाळणाघरात काम करते. हे सगळं तिसऱ्या प्रकरणात होतं.

पुढची सोळा प्रकरणं दत्ताची. मला त्याला माणूस म्हणून परत आणायचं आहे. सध्याच्या खर्ड्यात चौदाव्या प्रकरणात त्याच्या मुलाला अपघात होतो, दवाखान्याच्या बाकावर त्याला उपरती होते, तो मुंबईला जाऊन वहिनीच्या पाया पडतो, ती माफ करते. चार मैत्रिणींना वाचायला दिलं. चौघीही म्हणाल्या, "तो एकदम चांगला झाला." ते 'एकदम' माझ्या डोक्यातून जात नाही. काय कमी पडतंय?

चिंचेचा_पाला
अपघात काढा.

अभि७२
माझ्या मते पाया कमी पडतोय. त्याने हे का केलं ते आधी दाखवा. बापाने कायम थोरल्याला मान दिला, याला शाळेतून काढून उसात घातलं, असं काही. वाचकाला कारण कळलं की तो त्याच्या बाजूने उभा राहतो, आणि मग पुढचा बदल आपोआप पटतो.

शेवंता
अभिदादा, अर्धंच पटलं. कारण दाखवावं, पण कुठे दाखवता यावर सगळं आहे. गुन्ह्याच्या आधी दाखवलंत तर ती सबब होते, वाचक सही होण्याआधीच त्याला सोडून देतो. तेच कारण पुढे, सुमनचं पाळणाघरातलं एक प्रकरण वाचून झाल्यावर आलं, तर वाचकाला दोन्ही एका वेळी हातात धरावं लागतं. मी तर म्हणेन ते कारण दत्ताच्या तोंडून कधीच येऊ नये. बायकोने सांगावं, नाहीतर गावातल्या कोणीतरी.

रानजाई
पायवाटताई, धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात हे झालंय, म्हणून लिहिते.

माझ्या आईची सही अशीच तिच्या भावाने घेतली. पंधरा-सोळा वर्षांनी तो माफी मागायला आला. कधी, तर दिवाळीत, माझ्या मामेभावाच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, घरभर पाहुणे असताना. आईच्या पायावर डोकं ठेवून रडला. सगळे म्हणाले, "अक्का, उठवा त्याला." आईने उठवलं. दुसरं काय करणार होती? दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या मनाने साखरपुड्यात मिरवला आणि आई स्वयंपाकघरात बसून होती. रात्री मला म्हणाली, "आधी जमीन नेली, आता रागसुद्धा घेऊन गेला."

तुमच्या दत्ताने पाया पडणं मला चालणार नाही. पाया पडलं की समोरच्याला उठवावंच लागतं. ते मागणंच असतं.

पायवाट
रानजाई, तुमच्या आईचं ते वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटून बसले होते. मी पाया पडण्याचा प्रसंग किती मन लावून लिहिला होता, आणि तो गुन्ह्याचाच पुढचा हप्ता आहे हे दिसलंच नव्हतं. काढतेय.

गणेश_भोर
ताई, एवढा त्रास करून घेऊ नका. आमच्या काकांनीही असंच नाव कमी केलं होतं. आधी तलाठ्याकडून जुने सातबारे आणि फेरफारचा उतारा काढा, नोंद कोणत्या नंबरने झाली ते बघा. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत हरकत घ्यायला हवी होती, ती घेतली होती का? नसेल तर प्रांताकडे अपील. वहिनींना धीर द्या.

चिंचेचा_पाला
गणेशभाऊ, वहिनी कादंबरीतली आहे :)

गणेश_भोर
अरे! मी आपलं खरं समजलो. पण उतारा बघायचं सोडू नका, कादंबरीत पण. सोसायटीचं कर्ज असतं तर सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढलेला असतो. तिने एकदा जरी जुना सातबारा बघितला असता तरी कळलं असतं, बोजाच नाही.

शेवंता
गणेशभाऊंनी चुकून केवढी मोलाची गोष्ट दिली बघा. रिकामा रकाना! पुरावा म्हणजे कागदावर काहीतरी असणं, असंच आपण धरून चालतो.

वाटाड्या
आपल्याकडे याचा नमुना शाळेपासून आहे की. वाल्याचा वाल्मीकी. रांजणात खडे टाकले, घरच्यांना विचारलं पापात वाटेकरी होता का, ते नाही म्हणाले, बसला तप करायला. अंगावर वारूळ चढेपर्यंत. तुमच्या दत्तालाही तसं काही कठोर प्रायश्चित्त द्या, वाचक मानेल.

मोडी_वाचक
वाटाड्या, वाल्याच्या गोष्टीची ताकद मी मानतो, "वाटेकरी होता का" हा प्रश्न तर अजोड आहे. पण त्या गोष्टीत एक जागा रिकामी आहे. ज्यांना लुटलं त्यांच्यातलं कोणीही परत येत नाही. खडे मोजले जातात, माणसं नाहीत. भक्तिकथेला ते चालतं, कारण तिथे हिशेब देवाशी आहे. इथे हिशेब सुमनशी आहे.

अंगुलिमालाची कथा या बाबतीत जास्त कडक आहे. तो भिक्खू झाल्यावर श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोकांनी टाकलेली ढेकळं, काठ्या, खडे त्याला लागतात. डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. तसाच रक्ताळलेला तो बुद्धांकडे येतो आणि बुद्ध त्याला म्हणतात, सहन कर. कथा लोकांना दोष देत नाही. तो आतून बदललाय हे खरं, आणि ढेकूळ लागणार हेही खरं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलंय.

आणखी एक सांगतो, थोडं विषयांतर होईल. अशोकाचा तेरावा शिलालेख आठवा. अभिषेकानंतर आठव्या वर्षी कलिंग जिंकलं, दीड लाख माणसं तिथून नेली, एक लाख मारली गेली, त्याच्या कितीतरी पट मेली, आणि याचं देवांच्या लाडक्या राजाला दुःख होतं. राजाने स्वतःच्या विजयाबद्दल असं दगडावर कोरून ठेवणं ही असामान्य गोष्ट आहे. हा लेख गिरनारला आहे, कालसीला आहे, पार शाहबाजगढीला आहे. कलिंगात मात्र नाही. धौली आणि जौगडला बाकीचे लेख आहेत, पण अकरा, बारा आणि तेरा गाळलेत. त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, ज्यात तो अधिकाऱ्यांना सांगतो की सगळी माणसं माझी लेकरं आहेत, त्यांना विनाकारण कोंडू नका, छळू नका.

म्हणजे कबुली सगळीकडे, फक्त ज्यांचं गेलं त्यांच्या गावात नाही. आणि त्या दीड लाखांना परत पाठवल्याचं तेराव्या लेखातही लिहिलेलं नाही.

वाटाड्या
हे मला ठाऊक नव्हतं. पण दुसऱ्या बाजूनेही बघा ना. घाव ताजा असलेल्या लोकांसमोर तुमचे एक लाख मारले असं कोरणं म्हणजे धमकीच वाटली असती. तिथे न कोरण्यात दया असू शकते. आणि लेकरं म्हणून सांभाळा ही आज्ञा तिथेच दिली, म्हणजे करायचं ते काम तिथेच केलं.

मोडी_वाचक
असू शकतं. का गाळलं ते त्याने कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे दोघांनाही आपलं म्हणणं ठेवता येतं. पण पायवाट यांच्यासाठी प्रश्न तयार झालाच की. दत्ता पंढरपूरला जाईल, शाळेला वर्गखोली बांधून देईल, देवळात घंटा देईल, आणि मुंबईला जाणार नाही. पाच-सहा प्रकरणं त्याला असाच दूरदूरचा चांगुलपणा करू द्या. तो स्वतः त्याला पश्चात्ताप समजेल. वाचकाला दिसेल की तो धौली टाळतोय.

पायवाट
घंटा मी खरंच लिहिली होती! सहाव्या प्रकरणात, आणि मला ती त्याच्या चांगुलपणाची पहिली खूण वाटत होती. तशीच ठेवते, फक्त आता ती टाळाटाळ आहे.

अभि७२
पण शेवटी परतफेड साधी आहे ना? कोर्टात जाऊन म्हणायचं, मी फसवून सही घेतली. हक्कसोड रद्द, नाव परत चढलं. कबुलीच दिल्यावर कोर्ट कशाला अडवेल?

काळा_कोट
अडवू शकतं. महसूल आणि दिवाणी कामंच करतो म्हणून सांगतो, कारण इथे तुमच्या कथेला दोन अगदी वेगळे रस्ते फुटतात.

सुमनला फसवणूक कधी कळली? समजा २००१ मध्ये गावातल्या कोणी सांगितलं आणि ती गप्प बसली. मग कागद रद्द करून मागायची मुदत कळल्यापासून तीन वर्षं. ती गेली. आणि मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी कोर्टाला स्वतःहून बघावा लागतो. दत्ता पिंजऱ्यात उभा राहून रडला तरी ती आडकाठी त्याच्या रडण्याने निघत नाही.

समजा तिला अजून कळलेलंच नाही. फसवणुकीत मुदत कळल्या दिवसापासून मोजतात. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वीस वर्षांनी दत्ता जेव्हा तिला सांगतो, त्या क्षणी तिचं घड्याळ सुरू होतं. तोपर्यंत त्याला कोणी काही करू शकत नव्हतं. सांगितल्यावर तीन वर्षं ती त्याच्यावर दावा लावू शकते. तो स्वतःच्या हाताने तिला हत्यार देतो. पाया पडण्यापेक्षा हे मोठं आहे, आणि तिने त्या दिवशी काहीच बोलायची गरज नाही.

तिसरा रस्ता बक्षीसपत्राचा. तो तिच्या नावे करून देऊ शकतो. पण बक्षीस घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं, नाहीतर ते पुरं होत नाही. ती नको म्हणाली तर कायद्याने ते तिच्या गळ्यात बांधता येत नाही.

रानजाई
"बक्षीस"! तिचंच तिला बक्षीस?

काळा_कोट
हो, कागदाचं नाव तेच. आणि छापील मसुद्यात ओळ असते, "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी". टायपिस्ट न विचारता घालून देतो.

रानजाई
माझी आई असती तर तिने ती ओळ खोडायला लावली असती.

टपालवाला
मी टपाल खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीच सायकलवर. साहित्यातलं मला कळत नाही, पण एक विचारतो. ती बाई मुंबईला गेल्यावर तिला वाटत होतं की नवऱ्याचं कर्ज आहे. मग जमिनीने सगळं फिटलं असं तिला कोणी सांगितलं? आमच्या वेळच्या बायका मी बघितल्यात. नवऱ्याच्या नावावर दमडी राहिली तर झोप लागायची नाही त्यांना. ती मनिऑर्डर करणार. दरमहा.

आणि मनिऑर्डरीचं असं असायचं, पैसे घेणाऱ्याने सही करायची, आणि सहीची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. म्हणजे दत्ताच्या सह्या तिच्या ट्रंकेत जमा होत राहणार.

शेवंता
काका, तुम्ही कादंबरी फिरवलीत.

पायवाट
टपालकाका, तुमचं वाचून रात्री दोनपर्यंत लिहीत बसले. हिशेबही मांडला. दरमहा दीडशे रुपये, चार वर्षं. अठ्ठेचाळीस मनिऑर्डरी, सात हजार दोनशे रुपये. शेवटची २००२ च्या मे महिन्यात. चौथ्या प्रकरणाचा हा तुकडा टाकते, कसा वाटतो सांगा:

_पोस्टमनने सायकल चाफ्याला टेकवली आणि फॉर्म पुढे केला. कुपनाच्या जागेत सुमनचं अक्षर होतं, शाळेतल्यासारखं गोल. "ह्यांच्या कर्जात जमा करावे. बाकी किती राहिले ते कळवावे." दत्ताने दीडशे रुपये मोजून घेतले. बोट शाईला लागलं होतं, ते त्याने धोतराला पुसलं. बाकी किती ते त्याने कळवलं नाही, कारण आकडा सांगितला तर तो कधीतरी संपला असता._

मोडी_वाचक
शेवटचं वाक्य वाचून मला दत्ताचा संताप आला, आणि पहिल्यांदा तो खराही वाटला. तुमच्या मैत्रिणींच्या 'एकदम'चं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. आधी गुन्हा एका दिवसाचा होता, म्हणून पालटही एका दिवसात उरकला. आता तो अठ्ठेचाळीस वेळा झालाय. दर महिन्याला त्याला थांबता आलं असतं. तेवीस-चोविसाव्या वेळी त्याला पैसे परत करू द्या, फॉर्मवर "घेण्यास नकार" लिहायला लावा, आणि पुढच्या महिन्यात बैलाच्या औषधाला कमी पडले म्हणून पुन्हा घेऊ द्या. चांगलं होण्याचा असा एक फसलेला प्रयत्न मध्ये हवाच.

टपालवाला
नकार दिला तर पैसे तिच्याकडे परत जातील, ती घाबरेल. पत्र टाकेल, काही चुकलं का म्हणून.

शेवंता
आणि ते पत्र वाचून तो पुढची घेईल. बैलाचं औषध नको. तिच्या पत्रामुळेच घेईल.

चिंचेचा_पाला
बाई गं.

अभि७२
मग आता अपघाताचं काय? पूर्ण काढला तर तो बदलायला निघतो तरी कशाने? काहीतरी ठिणगी लागतेच ना. उगाच सकाळी उठून कोणी मुंबईची गाडी धरत नाही.

पायवाट
यावरच अडलेय, अभिदादा. अपघात गेला. त्याच्या मुलाला काहीही होत नाही. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, गणेशभाऊंचा रिकामा रकाना. मुलगा पीककर्जासाठी जुने उतारे काढतो आणि सहज विचारतो, "काकांचं कर्ज होतं म्हणता, मग बोजा कुठंय?" दोन, काहीच घडत नाही, फक्त उसाची रक्कम चांगली येते आणि दत्ताकडे पहिल्यांदाच सात हजार दोनशे सहज बाजूला काढण्याइतके पैसे असतात.

काळा_कोट
पहिल्यात तो पकडला जातो. पकडल्यावर दिलेल्या कबुलीला आमच्या धंद्यातही कमी वजन असतं.

वाटाड्या
मला उलट वाटतं. मुलाने विचारलं आणि दत्ताने पुन्हा खोटं सांगितलं, मुलाला ते पटलं, विषय मिटला. आता तो पूर्ण सुरक्षित आहे. त्यानंतर दोन महिन्यांनी गेला तर? मग पकडला गेला म्हणून गेला असं कोणी म्हणू शकणार नाही. आणि खोट्याला आता मुलगाही लागला, हेच त्याला टोचतं. वाल्यालाही घरच्यांनीच जागं केलं, फक्त तिथे ते नाही म्हणाले, इथे पोरगं नकळत वाटेकरी झालं.

मोडी_वाचक
वाटाड्या, हे फार चांगलं आहे. माझा वाल्यावरचा आक्षेप अर्धा मागे घेतो.

रानजाई
सगळे दत्ताबद्दल बोलताय. मला सुमनचं विचारायचं आहे. जमीन गेली, पैसे गेले, ते रुपयांत मोजता येतं. पण वीस वर्षं ती नवऱ्याला कर्जबुडव्या समजून जगली त्याचं काय? मेलेल्या माणसावर आळ घेतलाय या दत्ताने. तो कोणत्या कागदाने परत करणार?

पायवाट
रानजाई, हे मी लिहून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. मूळ खर्ड्यात विलासचा फोटो तिच्या खोलीत भिंतीवर होता, हार घातलेला. तो काढला. आता फोटो ट्रंकेत तळाशी आहे, आणि त्याच्यावर पोचपावत्यांचा गठ्ठा, रबराने बांधलेला. ती रागावलेली नाही त्याच्यावर, नुसती बोलत नाही.

दत्ता येतो, बसत नाही, उंबऱ्याबाहेरून सांगतो: "दादाचं कर्ज नव्हतं. एक रुपया नव्हतं." जमिनीचं तो नंतर सांगतो. हा क्रम रात्री सुचला. आधी दादाचं.

काळा_कोट
क्रम योग्य. आणि तो फक्त तिला सांगून थांबू नये. बक्षीसपत्र केलं तर मजकुरात लिहिता येतं की १९९८ चं हक्कसोडपत्र खोटी माहिती देऊन घेतलं होतं आणि मयत विलास यांच्यावर कोणतंही कर्ज नव्हतं. ते नोंदलं जातं, दोन साक्षीदार गावचेच आणायचे. गावात संध्याकाळपर्यंत पोचतं. माझ्यासारखा वकील त्याला असं लिहू नका म्हणून सांगेल, कारण फौजदारीचा धोका आहे. तो सल्लाही प्रसंगात येऊ द्या, आणि त्याने तो ऐकू नये.

अभि७२
आणि ती सही करते का?

शेवंता
करावी. वीस वर्षं पाळणाघरात काढलीत, म्हातारपणी हक्काची भाकरी हवी. नकार देऊन मोठं होणं हे लेखकांना आवडतं, तिला परवडणारं नाही.

रानजाई
सही करावी, पण माफी वेगळी. जमीन घ्यावी आणि त्याला चहा विचारू नये.

वाटाड्या
माझ्या मते एवढं सगळं केल्यावर एक शब्द तरी मिळावा त्याला. नाहीतर माणूस बदलला काय, न बदलला काय, जगाला सारखंच.

रानजाई
सारखं कसं? जमीन परत आली, नाव साफ झालं. शब्द कशाला हवा?

पायवाट
यावर माझंही ठरत नाहीये, दोन्ही लिहून बघते. सध्या रजिस्टर ऑफिसपर्यंत पोचलेय. टायपिस्टने "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" टाइप केलंय, सुमन बोट ठेवून वाचतेय, वाचता वाचता त्या ओळीवर थांबते आणि टायपिस्टकडे न बघता दत्ताकडे बघते. तो म्हणतो, "खोडा." नवी प्रत निघेपर्यंत दोघं बाकावर बसलेत, मध्ये तिची पिशवी. पिशवीत तो गठ्ठा आहे.

टपालकाका, एक विचारायचं राहिलं. वीस वर्षांनी त्या पोचपावत्यांवरची शाई टिकलेली असेल का?

टपालवाला
निळी असली तर उडते. काळ्या बॉलपेनची राहते. पण शिक्क्याची तारीख दिसेल. काही पावत्यांवर नुसता शिक्काच उरलेला असेल, सही गेलेली.